आठ आठवड्यांत निर्णय घ्या, पण कोणता?

समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई 2019 मध्ये निवृत्त झाल्या. त्यांचं पेन्शनचं प्रकरण पंचायत समितीतून जिल्हा परिषदेत जातं आणि ‘सेवापुस्तकातील 1994 च्या वेतनवाढीची पडताळणी नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. त्या वर्षी बाई दुसऱ्या तालुक्यात होत्या, तिथलं दप्तर सापडत नाही. साहेब बदलतात, टेबल बदलतं, शेरा तोच राहतो. कुणी नाही म्हणत नाही, हीच खरी पंचाईत. नकार आला असता तर त्याविरुद्ध भांडता आलं असतं. इथे भांडायला कागदच नाही.

कार्यालयाच्या अशा मुकेपणावर राज्यघटनेच्या कलम 226 मध्ये उपाय आहे: उच्च न्यायालयाचा परमादेश. वकिलांच्या बोलीत ‘मँडॅमस’. कायद्याने जे करणं तुमच्यावर बंधनकारक आहे ते करा, असा हा हुकूम. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात सांगितलं, म्हणून तो इथे लागू पडतो.

आधी दार मात्र नीट ओळखायला हवं. मंत्रालयातला, तहसीलमधला किंवा पोलीस खात्यातला राज्य शासनाचा कर्मचारी थेट उच्च न्यायालयात गेला, तर त्याला बहुधा महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘मॅट’कडे धाडलं जातं. 1997 च्या एल. चंद्रकुमार निकालापासून पहिली पायरी तीच. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे आपल्या बाई सरळ उच्च न्यायालयात जाऊ शकतात.

न्यायालयात पहिला प्रश्न येतो: तुम्ही मागितलंत का? कार्यालयात मारलेल्या चकरा इथे मोजल्या जात नाहीत. निवृत्तीची तारीख, काय थकलं आहे आणि कोणत्या शेऱ्यावर अडलं आहे, एवढं लिहिलेला अर्ज हवा, आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का हवा. जोडीला दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करावा. ‘माझी पेन्शन का मिळाली नाही?’ असं त्यात विचारू नये. कारणं सांगत बसायला माहिती अधिकारी बांधलेला नसतो. फाइल कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होती, त्याची नोंद आणि टिपणीची प्रत मागावी. एकाच टेबलावर फाइल चौदा महिने पडून होती, हे खात्याच्याच कागदावरून दिसलं की वकिलाला फार बोलावं लागत नाही.

याचिकेत सगळ्यांत जपून लिहायची जागा म्हणजे मागणीचं कलम. ‘माझ्या अर्जावर निर्णय घ्यावा’ एवढंच मागितलं, तर न्यायालय आठ-बारा आठवड्यांची मुदत घालून तेवढाच आदेश देऊ शकतं. अधिकारी सातव्या आठवड्यात निर्णय घेतो: नोंद अपूर्ण, प्रकरण अमान्य. आदेश तंतोतंत पाळला गेलेला असतो! मग त्या नकाराविरुद्ध नवी याचिका. म्हणून मागणी नेमकी हवी: सेवापुस्तकातली त्रुटी खात्याने स्वतः दूर करावी, पेन्शन आणि उपदान निश्चित करून थकबाकी व्याजासह अमुक मुदतीत द्यावी, तोवर तात्पुरती पेन्शन सुरू करावी. सेवापुस्तक सांभाळणं हे कार्यालयाचं काम. त्यातली रिकामी जागा बाईंच्या माथी मारता येत नाही. मात्र ती सेवा झालीच नव्हती, असा वाद खात्याने घातला तर गोष्ट वेगळी. साक्षीपुरावे तपासायला रिट न्यायालय सहसा बसत नाही.

व्याज स्वतंत्रपणे मागायलाच हवं. केरळमधल्या एका कर्मचाऱ्याचे पैसे निवृत्तीनंतर दोन वर्षांहून अधिक काळ अडकले, कारण कोषागाराने शेवटच्या पगाराचा दाखलाच दिला नव्हता. अशा दिरंगाईवर निवृत्तीनंतरचे दोन महिने सोडून बाजारभावाने व्याज द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली त्या प्रकरणात म्हटलं.

आणि उशीर आपल्याही अंगावर येतो. 1983 मध्ये वैद्यकीय कारणाने सैन्यातून मुक्त झालेला एक जवान अपंगत्व पेन्शनसाठी 1999 मध्ये न्यायालयात गेला. हक्क मान्य झाला, कारण पेन्शन दर महिन्याला थकते आणि अन्याय चालू राहतो. थकबाकी मात्र 2008 च्या निकालात याचिकेच्या आधीच्या सुमारे तीन वर्षांपुरतीच राहिली. हेच माप बाईंना लागलं, तर सहा वर्षांतली पहिली तीन हातची जाण्याचा धोका आहे.

याचिकेची नोटीस पोचली की पुष्कळदा फाइलला अचानक पाय फुटतात. तरीही आदेश होऊन मुदत उलटली, तर अवमान याचिका उरते, आणि तिला अवमान घडल्यापासून एक वर्षाची मर्यादा आहे. ‘साहेब, बिल कोषागारात गेलंय, पुढच्या महिन्यात नक्की’ या उत्तरावर ते वर्ष सहज निघून जातं.