नाशिकवरील बलरेषा आणि चुंबकीय आरसा

१९५८ साली एक्स्प्लोरर-१ या उपग्रहावरील गायगर गणित्राच्या नोंदींवरून जेम्स व्हॅन ॲलन यांना पृथ्वीभोवती विद्युत्भारित कणांचा पट्टा असल्याचे आढळून आले. हे कण पृथ्वीच्या बलरेषांवर उत्तर-दक्षिण हेलकावे घेत असतात. नाशिकमधून निघणारी बलरेषाही दक्षिणेकडे जाऊन पुन्हा पृथ्वीसच मिळते. तथापि तिच्यावर असा टिकाऊ पट्टा नाही. या भेदाचे कारण चुंबकीय आरशाच्या तत्त्वात सापडते.

विद्युत्भारित कण बलरेषेभोवती फेऱ्या घेत तिच्या दिशेने पुढे सरकतो. बलरेषा एकवटू लागल्या की त्या कणाच्या वर्तुळाच्या प्रतलास काटकोनात राहत नाहीत. त्यांच्या तिरकसपणामुळे कणावर मागे रेटणारे बल कार्य करू लागते. कणाबरोबर सरकणाऱ्या निरीक्षकास हीच घटना अशी दिसेल : वर्तुळातील क्षेत्र B हळूहळू वाढत आहे, आणि फॅरडेच्या नियमाप्रमाणे उत्पन्न होणारे विद्युत्-चालक बल कणाची परिभ्रमण-ऊर्जा W वाढवीत आहे. वर्तुळाची त्रिज्या r असल्यास एका फेरीत होणारी वाढ qπr²(dB/dt) इतकी असते. r² = 2mW/q²B² आणि फेरीचा काल 2πm/qB ही मूल्ये घातली असता

dW/dt = (W/B)(dB/dt)

असे समीकरण मिळते. अर्थात W/B ही राशी बदलत नाही. हीच अॅडियाबॅटिक अविकारी राशी μ, म्हणजे कणाच्या परिभ्रमणाचे चुंबकीय परिबल होय.

स्थिर चुंबकीय क्षेत्र कणाची एकूण ऊर्जा बदलू शकत नाही. म्हणून W वाढण्यासाठी लागणारी ऊर्जा बलरेषेच्या दिशेतील गतीतूनच येते. ती गती संपली की कण मागे फिरतो. कमानीच्या माथ्यावर, म्हणजे क्षेत्र सर्वांत क्षीण असते तेथे, कणाचा वेग बलरेषेशी α हा कोन करीत असेल, तर कण परतण्याच्या स्थानी B = B₀/sin²α असते. त्या स्थानापूर्वीच दाट वातावरण लागले, तर कण टक्करींत नष्ट होतो. असे नष्ट होणारे सर्व α मिळून ‘क्षय-शंकू’ बनतो.

आता नाशिकचे उदाहरण घेता येईल. पृथ्वीचे क्षेत्र साध्या द्विध्रुवाचे मानल्यास नाशिकचे चुंबकीय अक्षांश सुमारे १२° येतात. द्विध्रुवाच्या बलरेषेचे समीकरण r = r₀cos²λ असल्यामुळे या रेषेचा माथा पृथ्वीच्या १.०४५ त्रिज्यांवर, म्हणजे जमिनीपासून जेमतेम २९० किलोमीटर उंचीवर येतो. शंभर किलोमीटर उंचीवर वातावरण कणांना शोषून घेते असे धरले, तर तेथील क्षेत्र माथ्यावरील क्षेत्राच्या केवळ १.१३ पट भरते. sin²α = 1/1.13 यावरून क्षय-शंकूचा कोन सुमारे ७०° ठरतो. सर्व दिशांनी सारखे कण सोडल्यास cos ७०°, म्हणजे सुमारे एक-तृतीयांश कणच परततील. आणि तेही टिकणार नाहीत, कारण माथ्यावरसुद्धा वातावरण अगदीच शून्य नसते.

याउलट, माथा तीन पृथ्वीत्रिज्यांवर असलेल्या बलरेषेवर जमिनीलगतचे क्षेत्र माथ्याच्या सुमारे ४७ पट असते. तेथे क्षय-शंकू अवघा ८° चा भरतो आणि शेकडा ९९ कण परततात. तेव्हा नाशिकवरील आरसा नाहीसा झालेला नसून त्याची दोन्ही टोके माथ्याच्या फार जवळ आली आहेत, हे ध्यानात येते.

W/B स्थिर असल्याचे वरील प्रतिपादन एका अटीवर अवलंबून आहे : एका फेरीत कणास जाणवणारे क्षेत्र फार बदलता कामा नये. तीन त्रिज्यांवरील माथ्यावर दहा लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या प्रोटॉनची परिभ्रमण-त्रिज्या सुमारे १३० किलोमीटर, तर तेथील बलरेषेची वक्रता-त्रिज्या सुमारे ६,४०० किलोमीटर असते; अट सुखेनैव पाळली जाते. ऊर्जा हजारपट केली की परिभ्रमण-त्रिज्या ५,००० किलोमीटरपर्यंत पोचते. अशा कणाचे μ प्रत्येक हेलकाव्यात बदलत राहते, परतण्याचे स्थान सरकते आणि कण लवकरच क्षय-शंकूत शिरतो.

दुसरी मर्यादा द्विध्रुवाच्या कल्पनेचीच आहे. कण हेलकावे घेत असतानाच पृथ्वीभोवतीही सरकतात. दक्षिण अटलांटिकवर क्षेत्र क्षीण असल्याने परतण्यासाठी लागणारे B तेथे अधिक खाली उतरल्यावरच मिळते. त्यामुळे भारतावर सुरक्षित उंचीवरून परतणारा कण तेथे पोचल्यावर वातावरणात बुडू शकतो. म्हणून एका स्थळाच्या बलरेषेवरून काढलेला क्षय-शंकू ही सापळ्याची केवळ किमान गळती समजावी. त्या कवचाचा निर्णय त्याच्या सर्वांत दुबळ्या रेखांशावरून होतो.