विश्लेषण : फाउंडेशन अस्सल की बनावट? तीन फोटो काय सांगतात?

ऑनलाइन सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळालेली फाउंडेशनची ट्यूब चेहऱ्याला लावण्यापूर्वी मोबाइलवर तिचे तीन फोटो काढून पाहावेत. बनावट मालाच्या खुणा त्यात अनेकदा दिसतात.

बॅच कोड कसा तपासायचा?

खोक्यावरील नाव आणि डिझाइन छपाईखान्यात आधीच छापलेले असते. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख मात्र सहसा माल भरताना उमटवली जाते. त्यामुळे अस्सल खोक्यावर कोड ठिपक्याठिपक्यांचा, दाबून उमटवलेला किंवा किंचित तिरका दिसू शकतो. बनावट खोक्यावर तो बऱ्याचदा इतर मजकुराबरोबरच, त्याच शाईत छापलेला असतो.

अनेक ट्यूबच्या चपट्या टोकावरही कोड दाबलेला असतो. समजा, खोक्यावर LF2307 आहे आणि ट्यूबवर LF2311. असा फरक दिसला तर ती ट्यूब वापरू नये. दाबलेली अक्षरे फोटोत दिसण्यासाठी प्रकाश बाजूने पडू द्यावा. फोन फार जवळ नेला तर फोटो धूसर येतो. थोडे लांबून झूम करावे.

कोड जुळला म्हणजे माल अस्सल, असे मात्र नाही. खरा कोड जसाच्या तसा उतरवता येतो. कोडवरून उत्पादनाची तारीख सांगणाऱ्या वेबसाइटही अशा कोडला योग्यच ठरवतात.

सील काय सांगते?

ट्यूबच्या तोंडाशी फॉइल असेल, तर टोपण काढून वरून फोटो घ्यावा. फॉइलची कड सगळीकडे सारखी चिकटलेली असावी. सुरकुत्या, बाहेर आलेला गोंद किंवा एका बाजूला सुटलेली कड संशयास्पद असते. मात्र काही कंपन्या फॉइल लावतच नाहीत. त्यामुळे त्याच उत्पादनाच्या खात्रीच्या दुकानातील ट्यूबशी तुलना करावी.

रंगावर किती विसंबायचे?

सर्वात कमी. पिवळ्या बल्बखाली तीच शेड पिवळट दिसते. पांढऱ्या कागदावर थेंब ठेवून, खिडकीजवळ, फिल्टर बंद करून फोटो घ्यावा. फोटोत कागदच पिवळा दिसत असेल, तर रंगाची तुलना निरर्थक ठरते. काही फाउंडेशन हवा लागल्यावर गडद होतात. म्हणून खात्रीच्या ट्यूबमधील थेंब शेजारी ठेवून, दोन्ही एकाच फोटोत घेणे उत्तम.

संशय आला तर?

आयात केलेल्या सौंदर्यप्रसाधनावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. भारतात बनलेल्यावर उत्पादन परवाना क्रमांक. तेही नसेल तर ट्यूब, खोके आणि बिल जपून ठेवावे. विक्रेत्याकडे परताव्याची मागणी करावी आणि कंपनीला फोटो पाठवावेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. ट्यूबमध्ये नेमके काय भरले आहे, हे मात्र प्रयोगशाळेतच कळते.