दोन शिरोरेषांमधले अंतर

दिवाळी अंकातला दीर्घ लेख अर्ध्यावर सोडून देणारा वाचक दोष बहुधा लेखकाला देतो, किंवा स्वतःच्या चष्म्याला. गेली काही वर्षे मी जुनीनवी मराठी पुस्तके आणि मासिके पट्टी लावून मोजतो आहे. पुष्कळदा दोष या दोघांचाही नसतो, तो पानाचा असतो, असे माझे मत झाले आहे. अक्षर पुरेसे मोठे असते, शाई काळीभोर असते, तरी डोळा थकतो. ओळ किती लांब असावी आणि एका ओळीखाली दुसरी किती अंतरावर यावी, हे दोन निर्णय त्या पानावर कुणी घेतलेलेच नसतात. ते रोमन लिपीच्या सवयीतून आपोआप आलेले असतात.

प्रथम अंतराचे पाहू. रोमन लिपीतली बहुतेक अक्षरे एकाच मजल्यावर राहतात. थोडी वर डोकावतात, थोडी खाली लोंबतात. देवनागरीचा व्यवहार तीन मजल्यांचा आहे. मधल्या मजल्यावर, शिरोरेषेपासून पायापर्यंत, मूळ अक्षर. वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार. खाली उकार, ऋकार, ट्र-मधला रकार आणि द्ध, ट्ठ अशा जोडाक्षरांचा लोंबता भाग. मराठीत वरचा मजला विशेष गजबजलेला असतो, कारण अनेकवचनाच्या सामान्यरूपावर अनुस्वार येतो: ‘मूर्तींच्या’, ‘कार्यकर्त्यांना’. ‘र्तीं’ या एका अक्षरावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तिघांची दाटी होते.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. १२ पॉइंटाचा एक टंक घ्या. (७२ पॉइंट म्हणजे एक इंच.) त्यात शिरोरेषेपासून पायापर्यंत मूळ अक्षराची उंची ७.२ पॉइंट आहे, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर, असे समजू. वरच्या चिन्हांना साडेतीन पॉइंट लागतात आणि खालच्यांनाही तेवढेच. इनडिझाइनसारख्या पानजुळणीच्या प्रोग्रॅमला काही सांगितले नाही, तर तो ओळींमधले अंतर टंकाच्या १२० टक्के ठेवतो. आपल्या उदाहरणात ते १४.४ पॉइंट होते. त्यातून अक्षराची उंची वजा केली, की वरच्या ओळीचा पाय आणि खालच्या ओळीची शिरोरेषा यांच्यामध्ये ७.२ पॉइंट उरतात. वरून उकार साडेतीन पॉइंट खाली येतो, खालून वेलांटी साडेतीन पॉइंट वर जाते. मोकळी जागा जवळजवळ शून्य. वरच्या ओळीतल्या ‘राष्ट्रकूट’खाली नेमके ‘मूर्तींच्या’ आले, तर उकार आणि रफार एकमेकांना चिकटतात, आणि ते चिन्ह कोणत्या ओळीचे हे डोळ्याला क्षणभर ठरवावे लागते. असा क्षण पानात पंचवीस वेळा आला, तर थकवा येणारच.

जुन्या छापखान्यात ही टक्कर होऊ शकत नसे. खिळा हा धातूचा ठोकळा. मात्रा-उकारांची जागा ठोकळ्यातच धरलेली असे, आणि एक ठोकळा दुसऱ्यात घुसू शकत नाही. जुळारी दोन ओळींमध्ये शिशाची पातळ पट्टी घाली, ती याशिवायची मोकळीक. ‘लेडिंग’ हा शब्द त्या शिशावरूनच आला. संगणकावरच्या अक्षराला धातूचे अंग नाही. त्यामुळे अंतर कितीही कमी केले तरी यंत्र तक्रार करत नाही, एका ओळीवर दुसरी मुकाट्याने चढते.

तेच अंतर १८ पॉइंट, म्हणजे टंकाच्या दीडपट, केले की पाय आणि पुढची शिरोरेषा यांच्यामध्ये १०.८ पॉइंट मिळतात. वरखालच्या चिन्हांचे सात गेले तरी जवळजवळ चार पॉइंट पांढरी पट्टी उरते, आणि तीच ओळीला ओळ म्हणून वेगळी काढते. मग २४ पॉइंट का नको? कारण तेव्हा ओळींमधला पांढरा भाग अक्षरांच्या दुपटीहून अधिक होतो. शिरोरेषेमुळे आपली ओळ आधीच एका सलग पट्टीसारखी दिसते. ओळी फार लांब गेल्या, की परिच्छेद एकसंध न राहता सुट्या पट्ट्यांचा होतो आणि वाचक एका विचारातून दुसऱ्यात जाण्याऐवजी पायऱ्या उतरू लागतो.

‘टंकाच्या दीडपट’ या सूत्रात मात्र एक फसगत आहे. पॉइंटाचा आकडा अक्षराची खरी उंची सांगत नाही. दोन वेगळे टंक दोन्ही १२ पॉइंटांचे असले, तरी एकाचे अक्षर थोराड आणि दुसऱ्याचे ठेंगणे असू शकते. म्हणून मी पॉइंट सोडून पट्टी वापरतो. मूळ अक्षराची, शिरोरेषेपासून पायापर्यंतची, उंची मोजायची. मग एका शिरोरेषेपासून खालच्या शिरोरेषेपर्यंतचे अंतर मोजायचे. दुसरा आकडा पहिल्याच्या अडीच पट असला, तर पान निवांत वाचता येते. वरच्या उदाहरणात १८ भागिले ७.२ म्हणजे बरोबर अडीच. दुपटीला चिन्हांची टक्कर सुरू होते, तिपटीपुढे परिच्छेद विस्कटू लागतो. अडीच मिलिमीटर उंचीच्या अक्षराला सव्वासहा मिलिमीटरचे अंतर, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. अचूक मोजण्यासाठी अकरा ओळींमधली दहा अंतरे एकदम मोजावीत आणि दहाने भागावे.

आता लांबी. रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांनी आपल्या प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथात ओळीला ४५ ते ७५ चिन्हे समाधानकारक आणि ६६ आदर्श मानली आहेत. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा उचलला जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. ‘मूर्तींच्या मुकुटांवर सूर्याची किरणे पडू लागली’ हे वाक्य घ्या. वाचणाऱ्याच्या डोळ्याला यात १९ अक्षरे आहेत: मू, र्तीं, च्या अशी. संगणक मात्र प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी आणि मोडलेला पाय वेगळा धरतो. त्याच्या हिशेबी ही ४१ चिन्हे होतात. म्हणजे यंत्राच्या मोजणीने ६६ चिन्हांची ओळ बसवली, तर मराठीत ती जेमतेम आठनऊ शब्दांची, तोकडी निघते.

मराठीत शब्दच मोजावेत. सलग गद्याला एका ओळीत दहा ते बारा शब्द, साधारण तीस अक्षरे, मला सर्वांत सुखाची वाटतात. १२ पॉइंटाच्या टंकाला यासाठी सव्वाचार इंचांच्या आसपास ओळ लागते. डेमी आकाराच्या पुस्तकात समास सोडून उरणारी रुंदी साधारण एवढीच असते. त्या आकारात कादंबरी सुखाने वाचली जाते, याचे एक कारण हे आहे.

दिवाळी अंकाचे पान मोठे असते. मजकुराची रुंदी सहा इंच धरली आणि एकच रकाना ठेवला, तर ओळीत सोळा-सतरा शब्द जातात. ओळ संपल्यावर डोळा एका झेपेत डावीकडे परततो. ही झेप बहुधा थोडी अपुरी पडते, आणि मग डोळा लहानशी दुरुस्ती करून ओळीच्या आरंभाला पोहोचतो. झेप जितकी लांब, तितकी चुकीच्या ओळीवर उतरण्याची शक्यता अधिक. तीच ओळ पुन्हा वाचली जाते, किंवा एक ओळ गळते. म्हणून लांब ओळीला अंतर वाढवून द्यावे लागते, अडीचऐवजी २.७ पट. तरी त्यालाही मर्यादा आहे. पंधरा शब्दांच्या पुढे गेलेली ओळ केवळ अंतराने सावरत नाही, ती तोडावीच लागते.

दोन रकाने केले, की प्रत्येकाची रुंदी पावणेतीन इंचांच्या आसपास येते आणि ओळीत सात-आठ शब्द बसतात. परतीची झेप लहान होते, त्यामुळे अंतर २.३ पटीवर आणले तरी चालते. पण इथे दुसरा त्रास उभा राहतो. मराठी शब्द प्रत्ययांनी लांबतात. ‘कार्यकर्त्यांबरोबर’सारखा शब्द ओळीच्या शेवटी मावला नाही, की खाली जातो आणि मागे समजा चाळीस पॉइंटांची पोकळी ठेवतो. दोन्ही कडा सरळ ठेवायच्या, तर ती पोकळी शब्दांमधल्या जागांत वाटावी लागते. बारा शब्दांच्या ओळीत अकरा जागा असतात, प्रत्येकीच्या वाट्याला साडेतीन पॉइंट येतात आणि ते खपून जाते. सात शब्दांच्या ओळीत सहाच जागा. प्रत्येकीला साडेसहा पॉइंट मिळतात, म्हणजे मूळच्या तीन पॉइंटांची जागा तिपटीहून मोठी होते. पानावर पांढरे ओघळ दिसतात ते हेच. अशा रकान्यात उजवी कड मोकळी सोडावी, किंवा ‘कार्यकर्त्यां-बरोबर’ असा शब्दयोगी अव्ययापाशी शब्द तोडू द्यावा.

संपादकांचा खरा आक्षेप कागदाचा असतो, आणि तो रास्त आहे. आठ इंच उंचीच्या मजकुरात १८ पॉइंटांनी ३२ ओळी बसतात, १५ पॉइंटांनी ३८. दोनशे पानांचा मजकूर १६८ पानांत येतो, म्हणजे सोळा पानी दोन फॉर्म वाचतात. त्यापायी शिरोरेषांचे अंतर दुपटीच्या जवळ येते आणि अंक वाचवत नाही. याला दुसरा उपाय आहे. टंक १२ वरून ११.५ वर आणावा आणि अंतर १७ ठेवावे. पहिल्या ओळीच्या वर अंतर लागत नसल्याने पानात ३४ ओळी बसतात, शिवाय प्रत्येक ओळीत थोडा अधिक मजकूर मावतो. दोनशेची सुमारे १८० पाने होतात, एक फॉर्म वाचतो. अक्षराची उंची केवळ एक दशांश मिलिमीटरने कमी होते आणि प्रमाण जवळजवळ अडीच पटच राहते. अक्षरातली एवढी घट डोळ्याला सहसा जाणवत नाही. अंतरातली तीन पॉइंटांची घट मात्र लगेच जाणवते.

जुने साहित्य पुन्हा छापणाऱ्यांसाठी एक सूचना. १९६२च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘आम्हीं’ अशा लेखनात वरचा मजला अधिक भरलेला असतो. मूळ लेखन कायम ठेवायचे असेल, तर तिथे अंतर एखादा पॉइंट वाढवावे.

घरी मजकूर टंकित करणाऱ्यांनीही हे जपावे. वर्डमधले Single हे अंतर प्रत्येक टंकाच्या अंगच्या मापावर ठरते. त्यामुळे टंक बदलला की तोच मजकूर एकदम सैल किंवा आवळलेला होतो. Line spacing मध्ये Exactly निवडून 18 pt असा आकडा द्यावा. आकडा फार लहान दिला, तर वरच्या वेलांट्या पडद्यावर कापलेल्या दिसतात, तीच धोक्याची खूण.

छापण्यापूर्वी एक नमुना पान काढून कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्यावे आणि आपण फक्त ओळींच्या वळणांकडे कान द्यावा. वाचणारा ओळीच्या आरंभी अडखळतो, तीच ओळ पुन्हा धरतो, तर ओळ लांब आहे. तो शब्दाच्या मध्येच अडतो, उकार किंवा अनुस्वार चुकवतो, तर अंतर कमी आहे. बोट ठेवल्याशिवाय दोन पाने सरळ वाचली गेली, तर ते पान छापायला द्यावे.