शेवटच्या क्लिकच्या आधीचा क्षण

शाळेच्या कार्यालयात, सहकारी बँकेत, हाउसिंग सोसायटीत नवं सॉफ्टवेअर आलं की मागोमाग एक पीपीटी येते. तिच्यात स्क्रीनचे फोटो असतात, त्यांवर लाल चौकटी आणि आकडे असतात. पीपीटी बनवणाऱ्याला सगळं येत असतं, म्हणून त्याला ती सोपी वाटते. तीच समोर ठेवून काम करू पाहणारा कारकून मात्र तिसऱ्या स्लाइडवर अडतो, कारण फोटोत दिसतं ते त्याच्या स्क्रीनवर दिसत नाही. या अडण्याचा चौकटीच्या रंगाशी फारसा संबंध नसतो. स्क्रीनशॉट चुकीच्या क्षणी काढलेला असतो.

उदाहरण म्हणून वर्डमधला मेल मर्ज घेऊ. पालकसभेचं पत्र एकच आहे, पण प्रत्येक प्रतीवर पालकाचं नाव आणि मुलाची इयत्ता वेगळी हवी. नावं एक्सेलच्या यादीत आहेत. वर्डच्या Mailings टॅबमधून ही यादी पत्राला जोडायची आणि सगळी पत्रं एकदम तयार करायची. काम थोडक्यात होणारं आहे, पण वाटेत मेनू उघडतात, छोट्या खिडक्या येतात, आणि एका ठिकाणी क्लिक करूनही काहीच झाल्यासारखं वाटत नाही. म्हणून शिकवण्याच्या दृष्टीने ते नमुनेदार आहे.

स्क्रीनशॉट काढायला बसलेला माणूस साधारण असं करतो: बटण दाबतो, काहीतरी उघडतं, त्याचा फोटो काढतो. मग फोटोत बटण दाबून झाल्यानंतरचं दृश्य येतं. वाचणाऱ्याला मात्र दाबायच्या आधीचं दृश्य हवं असतं, कारण तो त्या क्षणी तिथे उभा असतो. उलट प्रत्येक क्लिकच्या आधीचा फोटो काढत गेलं, तर एवढ्याशा कामाला वीसेक स्लाइड होतात आणि बहुतेक स्लाइडवर एकच चौकट उरते. मी एक नियम पाळतो: एका फोटोतल्या शेवटच्या क्लिकच्या बरोबर आधीचा क्षण पकडायचा, आणि त्याआधी जिथे जिथे क्लिक केलं त्या सगळ्या जागा त्या फोटोत दिसत असल्या पाहिजेत. जुनी जागा झाकली गेली की स्लाइड बदलायची.

हा नियम मेल मर्जला लावून बघा. आधी Mailings टॅबवर क्लिक, मग Start Mail Merge, मग उघडलेल्या मेनूतलं Letters. मेनू उघडा असताना फोटो काढला तर टॅब, बटण आणि मेनूतली ओळ तिन्ही दिसतात. म्हणजे एका स्लाइडवर १, २, ३ बसतात. पुढच्या स्लाइडवर Select Recipients आणि त्याच्या मेनूतलं Use an Existing List. ते दाबलं की फाइल निवडायची खिडकी समोर येते आणि मागचं झाकलं जातं, म्हणून तिसरी स्लाइड. तिथून Select Table नावाची छोटी खिडकी येते, ती चौथी. पाचवीत पत्राच्या मजकुरात कर्सर ठेवून Insert Merge Field मधून स्तंभाचं नाव घ्यायचं. सहावीत Preview Results, सातवीत Finish & Merge आणि त्यातलं Edit Individual Documents, आठवीत All निवडून OK. आठ स्लाइडमध्ये काम संपतं, आणि कुठल्याही स्लाइडवर तीनपेक्षा जास्त आकडे येत नाहीत.

उघड्या मेनूचा फोटो घेताना पंचाईत होते, कारण दुसरीकडे क्लिक केलं की मेनू मिटतो. विंडोजच्या Snipping Tool मध्ये त्यासाठी उशीर लावायची सोय आहे, तीन, पाच किंवा दहा सेकंदांची. पाच सेकंद लावायचे, तेवढ्यात मेनू उघडून हात स्थिर ठेवायचा. फोटो पीएनजी स्वरूपातच ठेवावा. जेपीजीत अक्षरांच्या कडेने धूसर ठिपके उमटतात आणि छोटी अक्षरं आधी मार खातात.

फोटो काढण्याआधी वर्डची खिडकीही नीट करावी लागते. पूर्ण स्क्रीनभर पसरलेल्या वर्डचा फोटो स्लाइडवर बसवला की वरची बटणं मुंगीएवढी होतात आणि खाली कोरं पान पसरलेलं राहतं. म्हणून खिडकी अरुंद करायची, पण बेतानेच. फार अरुंद केली की वर्ड बटणांची नावं गाळतो आणि अनेक बटणं एकाच चित्राखाली गुंडाळतो. मग फोटोतली पट्टी वाचणाऱ्याच्या पट्टीशी जुळत नाही. त्यापेक्षा विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १५० टक्के करावं. सगळं मोठं दिसतं आणि फोटोतही मोठं येतं. पट्टीवरची नावं शाबूत आहेत ना, एवढं मात्र पाहून घ्यावं.

आता चौकट. चौकटीचं काम नजर थांबवण्याचं, म्हणून ती रिकामी हवी, आत रंग भरलेला नको. जाडी तीन पॉइंटच्या आसपास ठेवावी. बटणाच्या कडेपासून किंचित हवा सोडावी, म्हणजे रेघ अक्षरांवर चढत नाही. दोन शेजारच्या बटणांना दोन चौकटी घातल्या की त्यांच्यामधली पांढरी पट्टीच आधी डोळ्यांत भरते. चित्रकार जोसेफ अल्बर्स यांनी हा परिणाम दाखवला होता आणि एडवर्ड टफ्टी यांनी १९९०च्या आपल्या पुस्तकात तो माहितीच्या आराखड्यांना लावला: दोन रेघा जवळ आल्या की मधली जागा हीच तिसरी आकृती होते. असं झालं तर दोन चौकटींऐवजी एक चौकट आणि आत दोन आकडे ठेवावेत.

रंगाचं म्हणाल तर लाल ही सवय आहे, नियम नाही. पट्टीवर आधीच लाल चिन्हं असतील तर लाल चौकट त्यांत हरवते. लाल-हिरव्याचा फरक ज्यांना नीट कळत नाही त्यांनाही ती उठून दिसत नाही. वेबसाठीच्या सुलभतेच्या निकषांत अशा खुणा आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान तीनास एक इतका उजेडाचा फरक मागितला आहे. तो इथेही धरून चालावं. गडद रंगाच्या सॉफ्टवेअरवर लाल रेघेच्या बाहेरून पातळ पांढरी रेघ दिली की काम भागतं.

आकड्याचं काम वेगळं आहे. आकडा म्हणजे हाताची एक हालचाल. ‘खिडकी उघडते’ ही हालचाल नाही, तो परिणाम आहे. त्याला आकडा द्यायचा नाही. Select Table च्या खिडकीत यादी असलेली शीट निवडायची, हा १. खाली ‘पहिल्या ओळीत स्तंभांची नावं आहेत’ अशा अर्थाचा चौकोन असतो, त्यात टिक आहे ना हे पाहायचं, हा २. OK, हा ३. यातला दुसरा आकडा बरेच जण गाळतात, कारण तिथे टिक बहुधा आधीपासून असते आणि क्लिक करावं लागत नाही. पण ती नसली, तर पुढे स्तंभांची नावं मिळत नाहीत आणि स्तंभांची शीर्षकंच एका पत्रात जाऊन बसतात. म्हणून पाहणं हीसुद्धा तिथे एक पायरी आहे.

आकडा भरीव वर्तुळात, पांढऱ्या ठळक अक्षरात, चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर बाहेरच्या बाजूने ठेवावा, आणि प्रत्येक स्लाइडवर तिथेच. पहिलं वर्तुळ मनासारखं झालं की Ctrl + D ने त्याच्या प्रती काढाव्यात, नवं वर्तुळ काढत बसू नये. वर्तुळाच्या आतले समास शून्य करावेत, नाहीतर दोन अंकी आकडा दोन ओळींत फुटतो. चित्रात १ आणि मजकुरात 1 अशी सरमिसळ नको. ज्या लिपीतला आकडा चित्रात, त्याच लिपीतला शेजारच्या वाक्यात.

आकडे प्रत्येक स्लाइडवर पुन्हा एकपासून, की सगळ्या पीपीटीभर सलग, यावर दोन मतं आहेत. मी एकपासूनच्या बाजूचा. सलग आकड्यांत मध्येच एक पायरी वाढली की पुढची सगळी वर्तुळं आणि सगळी वाक्यं बदलावी लागतात, आणि एखादं हमखास राहून जातं. त्याच्या जोडीला स्लाइडचा क्रमांक मात्र ठळक हवा, म्हणजे फोनवर मदत मागणारा ‘चौथ्या स्लाइडवरचा दोन नंबर’ असं बिनचूक सांगू शकतो.

सूचनेचं वाक्य चित्राच्या लगत असावं. शिक्षणाचे अभ्यासक रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत मजकूर आणि त्याचं चित्र जवळ ठेवल्यावर शिकणाऱ्यांना विषय जास्त चांगला कळला. वाक्यात बटणाचं नाव स्क्रीनवर आहे तसंच लिहावं. वर्ड इंग्रजीत असेल तर ‘Select Recipients दाबा’ असं लिहावं. ‘प्राप्तकर्ते निवडा’ लिहिलं तर वाचणारा ते शब्द स्क्रीनवर शोधत बसेल.

चौकट आणि आकडा कुठे अपुरे पडतात तेही मेल मर्जमध्ये दिसतं. पहिल्या स्लाइडवर Letters दाबलं की स्क्रीनवर काहीच बदलत नाही. शिकणाऱ्याला वाटतं क्लिक लागलं नाही, आणि तो पुन्हा पुन्हा दाबतो. तिथे एक वाक्यच हवं: ‘काही बदल दिसणार नाही, पुढे चला.’ दुसऱ्या आणि चौथ्या स्लाइडच्या मध्ये उलट एक चांगली खूण मिळते. यादी जोडली जाईपर्यंत Insert Merge Field फिकट असतं आणि जोडल्यावर ठळक होतं. पाचव्या स्लाइडच्या माथ्यावर ‘हे बटण अजून फिकट असेल तर स्लाइड २ वर परत जा’ एवढं लिहिलं, की अडलेल्याला आपण कुठे चुकलो ते स्वतःच कळतं.

फोटोत खरी नावं आणि फोन नंबर येऊ देऊ नयेत. पॉवरपॉइंटमध्ये चित्र कापलं तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो. Compress Pictures मधून कापलेले भाग पुसायचा पर्याय निवडला तरच तो जातो. नावावर काळी पट्टी ठेवली तर ती कुणीही बाजूला सरकवू शकतो. २०२३मध्ये तर विंडोजच्या Snipping Tool मध्ये आणि गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये असा दोष सापडला की कापून जतन केलेल्या चित्रातला काढून टाकलेला भाग काही वेळा परत मिळवता येत होता. दोन्ही दोष दुरुस्त झाले. पण सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाच काल्पनिक पालकांची यादी आधी तयार करायची आणि तीच वापरून सगळे फोटो काढायचे.

आकडे एकामागून एक उमटावेत म्हणून अ‍ॅनिमेशन लावायचा मोह आवरावा. अशी पीपीटी शेवटी पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि तिथे सगळं एकदम, एकमेकांवर चढलेलं दिसतं.

चौकटी आणि वर्तुळं चित्रात रंगवून टाकू नयेत, पॉवरपॉइंटचे स्वतंत्र आकार म्हणून चित्रावर ठेवावेत. वर्डचं रूप बदललं की चित्रावर उजवं क्लिक करून Change Picture ने नवा फोटो बसवता येतो. त्यासाठी नवा फोटोही त्याच रुंदीच्या खिडकीचा आणि त्याच स्केलवर काढलेला हवा; तसा असला की सरकलेल्या चौकटी तेवढ्या हलवाव्या लागतात. म्हणून खिडकीचं माप आणि स्केल पहिल्या स्लाइडच्या नोट्समध्ये लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या वर्षी हे काम दुसऱ्या कुणाकडे गेलं तरी त्याला ते हाताशी मिळेल.