पाटील सात, खातं कुणाचं?

२००९ साली अमेरिकेत फोरस्क्वेअर नावाचं ॲप नुकतंच आलं होतं. कॅफेत किंवा दुकानात पोचलं की फोनवर तशी नोंद करायची; एखाद्या जागी ज्याच्या नोंदी सर्वांत जास्त, तो तिथला ‘मेयर’. कंपनी मूठभर माणसांची. स्टॅनफर्डला एमबीए करणाऱ्या ट्रिस्टन वॉकरला तिथे काम करायचं होतं, म्हणून त्याने संस्थापकांना ईमेल लिहिली. उत्तर आलं नाही. तो लिहीत राहिला. आठव्या ईमेलनंतर डेनिस क्राउली या संस्थापकाने विचारलं, न्यूयॉर्कला कधी येणं होतं का? लॉस एंजेलिसला असलेल्या वॉकरने लगेच तिकीट काढलं आणि दुसऱ्याच दिवशी तो न्यूयॉर्कला निघाला. पुढे दुकानं आणि ब्रँड जोडून घेण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली.

ही गोष्ट चिकाटीचा नमुना म्हणून सांगतात. पण फोरस्क्वेअरला दुकानं जोडणारा माणूस हवाच होता, हा त्यातला जास्त उपयोगी भाग आहे. कंपनीला काय कमी पडतंय ते ओळखून लिहिलेला निरोप वेगळा उठून दिसतो.

असा निरोप प्रत्यक्षात कसा असेल? समजा, सांगलीतल्या एका तरुणीला किराणा दुकानांची उधारीची वही फोनवर आणणाऱ्या स्टार्टअपमध्ये काम करायचंय. ती संस्थापकाला लिहिते:

“नमस्कार. गेल्या आठवड्यात सांगलीतल्या तीन किराणा दुकानांत बसून तुमचं ॲप कसं वापरतात ते पाहिलं. संध्याकाळच्या गर्दीत तिघेही उधारी कागदावर लिहितात आणि दुकान बंद झाल्यावर ॲपमध्ये चढवतात. कारण तिघांचं एकच: ‘पाटील’ टाइप केलं की सात पाटील येतात आणि घाईत रक्कम भलत्याच्याच खात्यावर पडते. नावाखाली गल्ली दिसली तर हे बरंच टळेल असं वाटतं. तुम्ही हे आधी करून पाहिलंही असेल. चालणार असेल तर येत्या दोन शनिवारी दहा दुकानांत बसून एका नोंदीला किती वेळ लागतो आणि चूक कुठे होते, ते एका पानात लिहून पाठवते. गिऱ्हाइकांची नावं झाकलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ तयार आहे. पाठवू का?”

या निरोपात ॲपची स्तुती नाही, तरी लिहिणारीने ते मन लावून पाहिलंय हे कळतं. नोंद रात्री चढवली जाते, ही गोष्ट कंपनीला आकड्यांत कदाचित दिसतही असेल. रात्री नऊनंतर वापर वाढतो एवढं त्यांना ठाऊक असेल. पण तो का वाढतो, ते गल्ल्यापाशी बसल्याशिवाय कळत नाही. तिने दिलंय ते हे ‘का’.

गल्लीची सूचना चुकीचीही ठरू शकते. दुकानदार नाव नोंदवतानाच गल्ली लिहीत नसतील, तर खाली दाखवणार काय? म्हणूनच तिने उपायावर भर न देता मोजणीचं काम देऊ केलंय. दोन शनिवार, दहा दुकानं, एक पान: याला होकार द्यायला संस्थापकाला बैठक घ्यावी लागत नाही. तिच्याही बाजूने हे बरं, कारण फुकट कामाला सुरुवातीलाच कुंपण पडतं. “काहीही मदत करायला तयार आहे” असं लिहिलं असतं, तर तिला द्यायचं काम शोधण्याचं ओझं संस्थापकावरच पडलं असतं.

निरोप फसलाय का, हे पाठवण्याआधी तपासता येतं. कंपनीचं नाव बदलून तोच मजकूर दुसऱ्या स्टार्टअपला पाठवता येत असेल, तर त्यात उत्पादनाची समज नाही. याउलट काहीजण उत्साहाच्या भरात अख्ख्या ॲपची नवी रचना करून वीस पानं जोडतात. संस्थापकाने प्रत्येक बटणासाठी कुणाशी तरी भांडलेलं असतं. न मागता आलेली ती वीस पानं त्याला टीकाच वाटतात. शिवाय लिंक्डइनवर ओळख नसलेल्याला जोडताना दोन-तीनशे अक्षरांचीच चिठ्ठी मावते. तिथे फक्त सात पाटलांची गोष्ट आणि व्हिडिओचा प्रश्न एवढंच बसतं, आणि तेवढं पुरतंही.

उत्तर न आल्यास आठवड्याभराने एकदा पुन्हा लिहावं, पण “माझा निरोप पाहिलात का” एवढंच विचारू नये. दरम्यान चौथं दुकान पाहून झालेलं असतं आणि तिथला मालक एकाच आडनावाची गिऱ्हाइकं फोन नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांवरून शोधतो, असं आढळलेलं असतं. दुसऱ्या निरोपात ते लिहावं, आणि गल्लीपेक्षा ही युक्ती बरी दिसते, हेही मोकळेपणाने सांगून टाकावं.