रोजच्या एसटीतली ओळख: नंबर मागायचा की द्यायचा?

आजचा प्रश्न सांगवी-बारामती एसटीतला. रोज सकाळी तीच गाडी, तोच चेहरा. थोडं बोलणंही होतं. आता नंबर कसा मिळवायचा? दोघंही अठराच्या पुढचे आहेत, असं धरून बोलतोय.

माझं उत्तर: मागू नका, स्वतःचा द्या. कारण साधं आहे. विद्यार्थ्यांचा एसटी पास ठरलेल्या दोन गावांमधलाच असतो आणि कॉलेजच्या वेळेची गाडी बहुतेक एकच. तिला तुम्ही नकोसे झालात तर ती गाडी बदलू शकत नाही. घरी कळलं तर कधी कधी तिचं कॉलेजच बंद होतं. तोंडावर नंबर मागितला की भरल्या गाडीत 'नाही' म्हणणं अवघड जातं, मग ती नाइलाजाने देते आणि घरी जाऊन ब्लॉक करते. तुम्ही दिलात तर पुढचं तिच्या हातात राहतं.

कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून परस्पर नंबर उचलायचा शॉर्टकट तर नकोच. अनोळखी नंबरवरून मेसेज आला की दोघांचा सामायिक ग्रुप कोणता, हे व्हॉट्सॲप तिला दाखवतं. नंबर कुठून काढला ते लगेच कळतं.

मग द्यायचा कधी? आधी आठ-दहा दिवस बघा. तुम्ही विचारलेल्याचं उत्तर देऊन ती परत इअरफोन घालते, की स्वतःहूनही काही विचारते? विचारत असेल तर उतरायच्या वेळी, मैत्रिणींसमोर नाही, तिची वाट न अडवता चिठ्ठी द्या: "हा माझा नंबर. वाटलं तर मेसेज कर, नाही केलास तरी चालेल." आणि खाली उतरा.

तिचा मेसेज आला तर दिवसा, गाडीतल्याच विषयावर बोला: "उद्या पेपर आहे ना? गाडी आज वीस मिनिटं लेट होती, लवकर निघ." रात्री अकराला 'जेवलीस का?' नको.

उत्तर नाही आलं तर? टिकवरून अंदाज बांधू नका. एकच टिक म्हणजे फोन बंद, रेंज नाही किंवा ब्लॉक, यातलं काहीही असू शकतं. निळी टिक सेटिंगमधून बंद करता येते. त्यामुळे दुसरा मेसेज टाकू नका, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत "मेसेज बघितलास का?" हेही विचारू नका. पूर्वीसारखं नुसतं हसा, बास.

तिने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क केला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा होतो. १ जुलै २०२४ पासून हाच कायदा लागू आहे. पहिल्यांदा दोषी ठरलात तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरा सिम घेऊन केलेला मेसेजही संपर्कच.

तुमच्या गाडीत काय चालतं, व्हॉइस नोट पाठवा. नाव-गाव मात्र कुणाचंच नको. भेटू पुढच्या भागात!