‘अनसेंटेड’ म्हणजे सुगंधमुक्त नव्हे

त्वचेचे डॉक्टर सांगतात, “सुगंध नसलेले क्रीम वापरा.” आपण दुकानात जातो आणि ‘अनसेंटेड’ लिहिलेली डबी उचलतो. इथेच फसगत होते.

‘अनसेंटेड’ याचा अर्थ एवढाच, की नाकाला वास जाणवत नाही. क्रीममधल्या तेला-मेणांना स्वतःचा वास असतो. तो दाबण्यासाठी कधी कधी दुसरा सुगंधी पदार्थ मिसळतात. वास येत नाही, पण सुगंधी रसायन त्वचेवर लागतेच. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ म्हणजे वासासाठी किंवा वास दाबण्यासाठी काहीही मिसळलेले नाही. त्यामुळे संवेदनशील त्वचेसाठी हा शब्द अधिक उपयोगाचा आहे. तरी तोही पुरेसा नाही. त्याचे कारण वनस्पतींची सुगंधी तेले.

लॅव्हेंडरचे उदाहरण घेऊ. डबीवर लिहिलेले असते, ‘नैसर्गिक, कृत्रिम सुगंध नाही’. ते खरेही असते. पण लॅव्हेंडर तेलात लिनालूल नावाचा घटक मोठ्या प्रमाणात असतो. लिनालूल झाडातून आले काय किंवा कारखान्यातून, रेणू एकच. ताजे असताना ते फारसे त्रासदायक नसते. डबी उघडली, हवा लागली की ते हळूहळू बदलते आणि त्यातून तयार होणारे पदार्थ ॲलर्जी निर्माण करू शकतात. संत्र्या-लिंबाच्या तेलातल्या लिमोनिनचेही असेच होते.

म्हणूनच एखादे क्रीम दोन महिने छान चालते आणि मग अचानक खाज सुटते. या काळात शरीराने त्या पदार्थाची ओळख पक्की केलेली असते. त्यानंतर थोडासा स्पर्शही पुरतो. शिवाय पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठते, त्यामुळे संशय भलत्याच वस्तूवर जातो. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जात नाही. लावताक्षणी जळजळ झाली, तर मात्र ती बहुधा ॲलर्जी नसून साधा दाह असतो.

मग ओळखायचे कसे? डबीची पुढची बाजू सोडा, मागची घटकांची यादी वाचा. ‘पर्फ्यूम’, ‘फ्रॅग्रन्स’, ‘लॅव्हेंडुला ऑइल’, ‘लिनालूल’, ‘लिमोनिन’, ‘जेरॅनिऑल’, ‘सिट्रल’ यांपैकी काही दिसले, तर संवेदनशील त्वचेसाठी ती डबी परत ठेवा. युरोपीय संघात त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात असे ठरावीक घटक ०.००१ टक्क्यापेक्षा जास्त असले, तर नावानिशी छापावे लागतात.

नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच छोट्या जागी, दिवसातून दोनदा सात ते दहा दिवस लावून पाहा. पुरळ उठले तर वापर थांबवा. नेमका कोणता घटक बाधतो हे घरी कळत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात. पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी त्वचा पुन्हा तपासतात.